१५ टक्के चढ म्हणजे नक्की किती अंश? (सिंहगडावरून परतताना झालेला वाद)

नीलिमा_वारजे | रविवार, दुपारी १:१०

आज पहाटे सायकलने सिंहगड केला. भाऊ मागून गाडी घेऊन आला होता. घाटात एका वळणानंतर माझ्या सायकलच्या मीटरवर चढ १५ टक्के दिसत होता. त्याच जागी भावाने गाडी बाजूला घेतली, डॅशबोर्डवर मोबाईल ठेवला आणि त्यातलं कोन मोजायचं ॲप लावलं, तर ८ अंश. वर पोहोचून पिठलं-भाकरी खाताना वाद सुरू झाला तो वारज्यापर्यंत संपला नाही. भाऊ म्हणतो माझं मीटर दुप्पट दाखवतं. मला तर तो चढ तीस अंशांचा तरी वाटला होता, मांड्या अजून थरथरतायत. दोन्हीपैकी बरोबर काय? की दोन्ही चूक?

---

अमोघ_डी | रविवार, दुपारी १:३२

टक्के म्हणजे शंभरातले किती. सपाट रस्ता ० टक्के, उभी भिंत १०० टक्के. उभी भिंत म्हणजे ९० अंश. मग १५ टक्के म्हणजे ९० चे १५ टक्के, साडेतेरा अंश. त्यामुळे भावाचं ॲप कमी दाखवतंय. डॅशबोर्ड मुळात सपाट नसतो, मोबाईल पुढे कललेला असणार.

---

पाणसळ | रविवार, दुपारी ३:०५

नीलिमाताई, दोन्ही आकडे बरोबर आहेत. १५ टक्के म्हणजेच साडेआठ अंश. तुमचं भांडण एकाच गोष्टीच्या दोन मापांवरून चाललंय.

अमोघ, डॅशबोर्डबद्दलची तुझी शंका रास्त आहे, त्यावर नंतर येतो. पण शंभर टक्के म्हणजे उभी भिंत नव्हे. रस्त्याचा चढ मोजताना आडवं अंतर धरतात आणि तेवढ्यात उंची किती वाढली ते बघतात. शंभर मीटर आडवं गेल्यावर पंधरा मीटर वर चढलो, तर १५ टक्के. शंभर मीटर आडवं आणि शंभर मीटर वर, तर १०० टक्के, आणि तो झाला ४५ अंशांचा कोन. उभ्या भिंतीला आडवं अंतरच नाही, त्यामुळे तिला टक्क्यांत आकडाच देता येत नाही. कोन ४५ च्या पुढे गेला की टक्के शंभराच्या वर जातात आणि ९० च्या जवळ गेलं की भडकतात. म्हणून ९० चे इतके टक्के असा हिशेब कुठेच जुळत नाही. तुझे साडेतेरा अंश खरंच रस्त्यावर असते, तर मीटरने २४ टक्के दाखवले असते.

रस्त्यावर भेटतात त्या चढांसाठी तोंडी हिशेब सोपा आहे. टक्क्यांना ०.५७ ने गुणा, किंवा निम्मे करून वर थोडे घाला. ५ टक्के म्हणजे २.९ अंश, १० टक्के म्हणजे ५.७, २० टक्के म्हणजे ११.३. वीस-पंचवीस टक्क्यांच्या पुढे हा गुणाकार हळूहळू जास्त सांगायला लागतो, पण गाड्यांच्या रस्त्यावर तिथवर जायची वेळ क्वचितच येते.

मी तीस वर्षं रस्त्यांच्या सर्वेक्षणाची कामं केली. डंपी म्हणजे सपाट रेषेत बघायची दुर्बीण लावायची, स्टाफ म्हणजे मापाची उभी पट्टी धरायची, दोन ठिकाणचं वाचन घ्यायचं, वजाबाकी करायची, मधल्या अंतराने भागायचं. चढ हातात पडतो तो थेट गुणोत्तर म्हणूनच. कोन मध्ये येतच नाही, म्हणून रस्त्याच्या कामात तो कोणी बोलतही नाही.

---

अमोघ_डी | रविवार, दुपारी ३:४०

काका, ४५ अंशांचं पटलं. पण मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर `tan⁻¹(0.15)` टाकलं तर ०.१४९ आलं. साडेआठ कुठून आले?

---

पाणसळ | रविवार, दुपारी ३:५२

तुझा कॅल्क्युलेटर `RAD` वर आहे. तो `DEG` वर आण, ८.५३ येईल. ही चूक फार जणांची होते, आणि उत्तर ०.१५ च्या इतकं जवळ असतं की आपण काही केलंच नाही असं वाटतं. एक्सेलमध्ये करायचं असेल तर

```
=DEGREES(ATAN(0.15))
```

---

श्रीकांत_म | रविवार, संध्याकाळी ५:१५

क्षमा करा, पण मुळातच १५ टक्के हा आकडा अशक्य वाटतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांप्रमाणे डोंगरातल्या रस्त्याला ५-६ टक्के चढ देतात, अगदीच अडचण असेल तर ७-८. म्हणजे जास्तीत जास्त साडेचार अंश. मीटर आणि मोबाईल दोन्ही चुकीचे असणार.

---

पाणसळ | रविवार, संध्याकाळी ६:२०

श्रीकांतराव, मानकातले आकडे तुम्ही बरोबर दिलेत. पण मानक हे नवीन रस्त्याची आखणी कशी करावी ते सांगतं. जुना गडाचा रस्ता त्या मापात बसलाच पाहिजे असं नाही. शिवाय सगळ्या रस्त्याची सरासरी एक असते आणि पन्नास मीटरच्या तुकड्यात ती दुपटीवर जाऊ शकते. तुम्ही म्हणता तो मेळ नवा हायवे आणि नीट आखलेला घाट यांच्या बाबतीत बसेल.

---

रेवती_बाणेर | रविवार, रात्री ८:०५

विषय सायकलचा आहे, तरी लिहिते, कारण हा टक्के-अंशांचा गोंधळ आम्हाला खूप महागात पडलाय.

बाबांना पॅरॅलिसिसनंतर व्हीलचेअर लागते. आमच्या इमारतीच्या दाराशी चार पायऱ्या, एकूण उंची ६० सेंटिमीटर. सोसायटीने रॅम्प करायचा ठराव केला. वास्तुविशारदाकडून तोंडी निरोप गेला की 'दहाचा स्लोप द्या'. ठेकेदाराने रॅम्प बांधला. पहिल्या दिवशी मी बाबांना वर ढकलायला गेले आणि अर्ध्यात अडकले. खुर्ची मागे येत होती, वॉचमनदादा धावत आले म्हणून निभावलं. उतरताना तर बाबांनी डोळेच मिटून घेतले होते. ठेकेदार म्हणतो दहाच दिलाय, हवं तर मोजून घ्या. त्याने लाकडाच्या तुकड्यावर मोबाईल ठेवून दाखवला, खरंच १० आले.

रॅम्पची लांबी मी टेपने मोजली, जमिनीवरून आडवी ३ मीटर ४० सेंटिमीटर.

---

पाणसळ | रविवार, रात्री ८:४०

रेवतीताई, मोबाईलने १० अंश दाखवले, आणि निरोप होता १० टक्क्यांचा. दोघांनी 'दहा' म्हटलं आणि एककच कोणी बोललं नाही.

तुमचेच आकडे घेऊ. ६० भागिले ३४०, म्हणजे १७.६ टक्के. त्याचा कोन बरोबर १० अंश. दहा टक्के धरले असते तर ६० सेंटिमीटर उंचीला ६ मीटर लांबी लागली असती. म्हणजे रॅम्प जवळजवळ निम्म्या लांबीत उरकला गेला.

आणि खरं सांगायचं तर १० टक्केही व्हीलचेअरला जास्तच आहेत. त्यासाठी बारास एक हे प्रमाण वापरतात: एक उंचीला बारा लांबी, म्हणजे ८.३३ टक्के, पावणेपाच अंश. तुमच्या ६० सेंटिमीटरला ७ मीटर २० सेंटिमीटर. समोर एवढी सरळ जागा नसेल तर मध्ये सपाट टप्पा देऊन रॅम्प उलटा वळवा. त्या टप्प्यावर खुर्ची फिरवायला दीड मीटर लांबी-रुंदी मोकळी हवी.

बाबांचं आणि खुर्चीचं मिळून वजन किती?

---

रेवती_बाणेर | रविवार, रात्री ८:४८

बाबा ७२, खुर्ची १८ किलो. ९० धरा.

---

पाणसळ | रविवार, रात्री ९:१०

मग टक्केवारीचा खरा उपयोग इथे बघा. चढावर मागे ओढणारं बळ हे वजनाच्या साधारण तितकेच टक्के असतं. १७.६ टक्क्यांच्या रॅम्पवर तुम्हाला सतत सोळा किलोच्या आसपास रेटा द्यावा लागतो, आणि क्षणभर हात ढिला झाला तर तेवढ्याच जोराने खुर्ची मागे येते. बारास एकच्या रॅम्पवर हाच रेटा साडेसात किलो होतो. कोन सांगितला असता तर हे बळ काढायला साईन-कोसाईनचं कोष्टक घ्यावं लागलं असतं. टक्के असले की ते तोंडी निघतं.

काटेकोर बोलायचं तर हे बळ उतारावरच्या लांबीवर ठरतं आणि टक्के आडव्या लांबीवर. १०० मीटर आडवं असताना १० टक्क्यांच्या रस्त्याची उतरती लांबी १००.५ मीटर भरते, म्हणजे फरक अर्धा टक्का. म्हणून गाडीच्या किलोमीटरवरून अंतर घेतलं तरी काही बिघडत नाही.

आता ठेकेदाराशी बोलताना अंश-टक्के दोन्ही विसरा. 'उंची ६०, लांबी ७२०' असं सेंटिमीटरमध्ये कागदावर लिहून सही घ्या. गवंडी टेप लावतो, त्याला लांबी कळते.

---

चाकोरी | सोमवार, सकाळी ७:३०

आमचा ट्रेलरचा धंदा आहे, वडिलांपासून. काकांचं ते बळाचं वाचलं आणि एक गोष्ट विचारायची आहे. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना नवा ड्रायव्हर नेहमी म्हणतो, शेठ, इथे उतार कुठे आहे? काचेतून बघितलं तर रस्ता सपाटच दिसतो. आणि तिथेच तो डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकतो. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री त्या पुलाजवळ एका अवजड गाडीने चाळीसहून जास्त गाड्या उडवल्या, ते पुणेकरांना आठवत असेल. उतार किती अंशांचा आहे हे सांगून पोरांना पटत नाही. 'दोन-तीन अंश' म्हटलं की हसतात.

---

पाणसळ | सोमवार, सकाळी ९:१५

चाकोरी, तुमच्या पोरांना अंश सांगूच नका. त्या रस्त्याचा नेमका आकडा मी मोजलेला नाही, म्हणून नुसता नमुना म्हणून ४ टक्के धरू. कोनात तो २.३ अंश, डोळ्याला दिसणारच नाही. पण ४० टनांच्या गाडीला ४ टक्के म्हणजे १ टन ६०० किलोचा रेटा, सतत, पुढच्या दिशेने. त्यातले पावणेतीनशे किलो टायर आणि बेअरिंगमध्ये अडतात असं धरा. उरलेला सव्वातेराशे किलोचा रेटा कुणी तरी थोपवायला हवा.

गाडी न्यूट्रलला, वेग ६०. सगळा भार ब्रेकवर. हिशेब केला तर दोनशेहून थोडी जास्त किलोवॅट उष्णता त्या ड्रममध्ये जाते. घरातला गिझर दोन किलोवॅटचा असतो. म्हणजे शंभर गिझर चालू करून ड्रम तापवत ठेवल्यासारखं. ड्रम तापून फुगतो, लायनर त्याच्यापासून लांब पडतो, पेडल खाली जातं पण गाडी थांबत नाही.

वेग ३० ठेवला तर दर सेकंदाची उष्णता निम्मी होते. एकूण उष्णता तेवढीच असते, पण ड्रमला थंड व्हायला दुप्पट वेळ मिळतो. आणि खालचा गिअर टाकला असेल तर मोठा वाटा इंजिन उचलतं.

---

चाकोरी | सोमवार, सकाळी ९:५०

दीड टन रेटा आणि शंभर गिझर. हे मी छापून केबिनमध्ये लावतो. आमचे जुने ड्रायव्हर ज्या गिअरात चढला त्याच गिअरात उतर म्हणायचे, पण का ते कोणी सांगत नसे.

---

नीलिमा_वारजे | सोमवार, रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार. भावाला धागा वाचायला दिला. त्याची आता नवी तक्रार आहे. गाडी थांबलेली असताना ८ अंश होते, पण चालू गाडीत त्याच चढावर ११ दाखवत होतं. आणि काका, मला ३० अंश का वाटले?

---

पाणसळ | सोमवार, रात्री १०:१५

चालू गाडीत तो आकडा वाचूच नये. मोबाईल कोन ओळखतो तो आतल्या सेन्सरवर गुरुत्वाकर्षण कुठून ओढतं त्यावरून. गाडीने वेग घेतला की तो ढकलाही सेन्सरला तसाच जाणवतो. अगदी हळू वेग वाढवला, दर सेकंदाला अर्धा मीटर प्रतिसेकंद इतका, तरी कोनात जवळजवळ तीन अंश जास्त दिसतात. त्याचे ११ तिथूनच आले असणार. मागे दोन जण आणि डिकीत सामान असेल तर गाडी मागे बसते, त्याचाही थोडा कोन मिसळतो. अमोघची शंका इथे लागू पडते. थांबलेल्या गाडीतसुद्धा आधी सपाट जागी शून्य दाखवतंय का ते बघायला हवं.

तुम्हाला ३० वाटले यात तुमची काही चूक नाही. अमेरिकेत डेनिस प्रॉफिट आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली यावर प्रयोग प्रसिद्ध केले. पायथ्याशी उभं राहून चढ किती अंशांचा ते लोकांना सांगायला लावलं, तर ५ अंशांचा चढ त्यांना २० च्या आसपास वाटत होता.

घरी मोजायचं असेल तर एक मीटर लांबीची सरळ फळी आणि पाणसळ घ्या. फळीचं वरच्या बाजूचं टोक रस्त्याला टेकवा, दुसरं टोक पाणसळीचा बुडबुडा मध्ये येईपर्यंत उचला. खालच्या टोकाखाली राहिलेलं अंतर सेंटिमीटरमध्ये जेवढं, तेवढे टक्के. १५ सेंटिमीटर म्हणजे १५ टक्के. गणित करावंच लागत नाही.

---

श्रीकांत_म | सोमवार, रात्री १०:४०

पण वळणावर हे नेमकं कुठे मोजायचं? आतल्या कडेला की बाहेरच्या?

---

पाणसळ | सोमवार, रात्री ११:०५

फार चांगला प्रश्न विचारलात. यू वळणावर दोन्ही कडा तेवढीच उंची चढतात, पण आतली कड लांबीने कमी असते. आतली त्रिज्या ८ मीटर आणि बाहेरची १५ धरा, आणि अख्ख्या वळणात चढ ३ मीटर. आतल्या कडेची लांबी २५ मीटर, चढ १२ टक्के. बाहेरची ४७ मीटर, चढ साडेसहाच्या जवळ. एकाच वळणावर जवळजवळ दुप्पट फरक. म्हणूनच मानकात वळणावर चढ कमी करायला सांगितलंय, आणि म्हणूनच अनुभवी सायकलवाला रस्ता मोकळा असेल तर चढताना बाहेरून जातो.

यावर जगात मोठा वादही झालाय. न्यूझीलंडमधल्या डनेडिनची बाल्डविन स्ट्रीट जगातली सर्वात चढाची म्हणून प्रसिद्ध, ३४.८ टक्के, म्हणजे १९ अंश. २०१९ साली गिनीजने तो मान वेल्समधल्या हार्लेक गावच्या रस्त्याला दिला, ३७.४५ टक्के म्हणून. डनेडिनकरांनी हरकत घेतली की तो रस्ता वळणाचा आहे आणि माप आतल्या कडेचं आहे. रस्त्याच्या मध्यरेषेवर मोजल्यावर हार्लेकचा आकडा २८.६ निघाला आणि २०२० मध्ये मान परत डनेडिनला गेला.

---

श्रीकांत_म | सोमवार, रात्री ११:२०

म्हणजे ताईंचे १५ टक्के आतल्या कडेचे असतील तर मध्यरेषेवर ते कमी भरतील. मग माझा मुद्दा पूर्ण चुकीचा नाही.

---

पाणसळ | सोमवार, रात्री ११:२६

अजिबात चुकीचा नाही. मोजल्याशिवाय सांगता येणार नाही.

---

रेवती_बाणेर | बुधवार, संध्याकाळी ७:००

कमिटीपुढे '६० आणि ७२०' लिहून ठेवलं. सचिव म्हणाले एवढी जागा नाही, पार्किंगचे दोन गाळे जातील. मध्ये टप्पा देऊन वळवायचं काकांचं चित्र काढून दाखवलं, त्यात एकच गाळा जातो. निर्णय रविवारच्या सभेत होईल. तोपर्यंत जुना रॅम्प दोघांनी धरूनच वापरतोय. आता खुर्ची मी उलटी करून, बाबांची पाठ खालच्या बाजूला ठेवून उतरवते, त्यांना कमी भीती वाटते.

---

नीलिमा_वारजे | शनिवार, सकाळी ११:४५

आज भावाला आणि फळीला घेऊन परत गेले. सुताराकडून एक मीटरचा तुकडा कापून आणला होता. त्या वळणाच्या आतल्या कडेला १७ सेंटिमीटर, मध्यभागी १२, बाहेरच्या कडेला ९. वळणानंतरच्या सरळ भागात, जिथे मीटरवर १५ दिसले होते, तिथे फळीने १३ आले. दहा पावलं वर जाऊन परत मोजलं तर ११. मीटरवर या वेळीही १५ च होते, आणि भावाच्या मोबाईलवर ८ अंश.

---

पाणसळ | शनिवार, दुपारी १२:३०

वळणाची तिन्ही मापं छान आली आहेत. मीटरचा घोळ उशिराचा वाटतो. ते हवेच्या दाबावरून उंची काढतं आणि मागच्या काही मीटरची सरासरी दाखवतं, त्यामुळे वळणाच्या आतल्या कडेचा चढ ते सरळ भागात आल्यावर सांगत असेल. तुम्ही आतून चढलात ना?

पण मग मोबाईलचे ८ अंश कसे जुळतात ते मला कळत नाहीये. १३ टक्के म्हणजे ७.४ अंश, ११ म्हणजे ६.३. गाडी मागे बसल्याचा तो फरक असेल, किंवा तुमची फळी डांबराच्या उंचवट्यावर टेकली असेल. एक मीटर हे फार छोटं अंतर आहे, एखादं ठिगळसुद्धा दोन टक्क्यांनी फिरवतं. पुढच्या खेपेला गवंड्याची पाण्याची लेव्हल नळी न्या आणि दहा मीटर अंतरावर मोजा. मी दोन टोकांना धरायला येतो.

---

नीलिमा_वारजे | शनिवार, दुपारी १२:४१

हो, आतूनच चढले. काका, पुढच्या रविवारी पहाटे साडेपाचला गोळेवाडीच्या नाक्यावर. नळी भाऊ आणेल, आणि गाडीतलं सामान काढून ठेवायला सांगते.